कोटाशिवाय वेस्टकोट: एका रिसेप्शनची तयारी

मावसबहिणीचं लग्न फेब्रुवारीत पुण्यात झालं. विधी सकाळी कार्यालयात आणि रिसेप्शन संध्याकाळी डीपी रस्त्यावर, म्हात्रे पूल आणि राजाराम पूल यांच्यामधल्या एका लॉनवर. मावशीला मुलगा नाही, त्यामुळे फाटकापाशी पाहुण्यांचं स्वागत करणं, वडीलधाऱ्यांना हाताला धरून स्टेजपर्यंत नेणं, मुलाकडच्यांना जेवायला बसवणं ही कामं माझ्याकडे आली. नवरामुलगा सूट घालणार हे ठरलेलं होतं. मीही सूट घालून स्टेजच्या आसपास वावरावं हे मला बरं वाटेना. ती त्याची संध्याकाळ होती. पण नुसत्या शर्ट-पँटमध्ये मी ऑफिसातून परस्पर आल्यासारखा दिसलो असतो, आणि मावशीच्या घरच्या माणसाने तसं दिसू नये असंही मनापासून वाटत होतं. मोदी जाकीट घ्यावं तर ते कुर्त्यावर शोभतं. फॉर्मल शर्टावर दोन कॉलरी गळ्यापाशी एकमेकींवर चढतात. म्हणून वेस्टकोट.

माझ्याकडे एक होता. सात वर्षांपूर्वी माझ्या लग्नात थ्री-पीस शिवला होता, त्यातला. कोट आता खांद्यांत आवळतो, वेस्टकोट मात्र बसतो. महिनाभर आधी एका रविवारी मी तो नेहमीच्या शर्ट-पँटवर घालून आरशासमोर उभा राहिलो. समोरून ठीक वाटलं. मग बायकोने मागे वळायला सांगितलं आणि म्हणाली, "मागून अस्तर बाहेर आल्यासारखं दिसतंय. आणि हात वर कर बरं." मी हात वर केले, तर वेस्टकोट आणि पँट यांच्यामध्ये दोन बोटं शर्ट दिसायला लागला. हात खाली घेतले तरी तो शर्ट आत गेला नाही, कमरेवर फुगून राहिला. पट्ट्याचं बकल वेस्टकोटच्या खालच्या टोकाला ढकलत होतं, त्यामुळे पोटापाशी एक उंचवटा आला होता. हेच सगळं कोटाखाली असताना सात वर्षांपूर्वी कुणाला दिसलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मनात होती. दोन वर्षांपूर्वी एका नात्यातल्या रिसेप्शनला माझा आतेभाऊ पांढरा शर्ट, काळी पँट आणि काळा वेस्टकोट घालून आला होता. नेमका तोच पोशाख केटररच्या वाढप्यांचा होता. एका आजींनी त्याच्याकडे पाणी मागितलं. त्याने ते आदराने आणून दिलं, पण नंतर वेस्टकोट काढून गाडीत ठेवला आणि उरलेली संध्याकाळ तो एका कोपऱ्यात बसून होता. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. पुण्यातल्या लॉनवर पांढरा शर्ट आणि काळा वेस्टकोट हा बहुतेक वेळा कामावरच्या मुलांचा गणवेश असतो. आजींची त्यात काही चूक नव्हती.

लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत आमचे जुने मास्तर बसतात. माझ्या वडिलांच्या पँटीही त्यांनीच शिवल्या. जुना वेस्टकोट पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, मला घालायला लावला आणि म्हणाले, "साहेब, यात वाईट काही नाही. पण हा कोटाच्या आत राहायला शिवलाय. बाहेर हिंडायला नाही."

मग त्यांनी फरक दाखवला. कोटाखालच्या वेस्टकोटची पाठ मुद्दाम अस्तराच्या कापडाची करतात. कोट त्यावरून सहज सरकावा, अडकू नये आणि जाडी वाढू नये म्हणून. ती पाठ दिसायचीच नसते. कोट काढला की चकचकीत पाठ उघडी पडते आणि बघणाऱ्याला आपोआप वाटतं, याचा कोट कुठे राहिला? वेस्टकोट एकटाच घालायचा असेल तर पाठही पुढच्याच कापडाची हवी. मग तो अर्धा सूट न वाटता एक पुरतं वस्त्र वाटतो.

दुसरी गोष्ट लांबीची. माझा वेस्टकोट आखूड आहे असं मी समजत होतो. मास्तर म्हणाले, आखूड पँट आहे. वेस्टकोटची लांबी ज्या काळात ठरली त्या काळात विजार बेंबीपाशी बसायची. आता आपण पँट त्याच्या दोन-तीन इंच खाली, कमरेच्या हाडांवर अडकवतो. वेस्टकोट होता तिथेच राहिला, पँट खाली सरकली आणि मधली फट शर्टाने भरून निघाली. मी म्हटलं, "मग वेस्टकोटच दोन इंच लांब करा ना मास्तर." त्यांनी मान हलवली. तसा केला तर तो कमरेच्या घडीच्या खाली उतरतो, बसलं की वर ढकलला जातो आणि पाय तोकडे दिसतात. माझी उंची पाच फूट पाच इंच. मला ते परवडणारं नव्हतंच.

म्हणजे वेस्टकोट घालायचा तर आधी पँट शिवायला हवी, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी माझ्या अंगावरच्या पँटचं पुढचं आसन मोजलं, म्हणजे दोन पायांच्या जोडापासून कंबरपट्टीच्या वरच्या काठापर्यंतचं अंतर. ते नऊ इंच भरलं. नवीन पँटला अकरा घ्यायचं ठरलं. पट्ट्याचे लूप ठेवायचे नाहीत, कारण पट्टा आणि बकल आलं की वेस्टकोट खालून उचलला जाणार. त्याऐवजी कंबरपट्टीच्या दोन्ही बाजूंना छोट्या ओढपट्ट्या, जेवणानंतर अर्धा इंच सैल करता येतील अशा. पुढे आतून दोन हूक.

कापडाच्या बाबतीत थोडा वाद झाला. बायकोचं म्हणणं, पँट राखाडी आणि वेस्टकोट निळा, म्हणजे मुद्दाम वेगळं घातलंय हे कळेल. ते चुकीचं नाही, उंच माणसाला छान दिसतं. पण मास्तरांनी एक तागा माझ्या छातीवर आणि दुसरा कमरेखाली धरून आरशात दाखवलं. दोन रंग जिथे भेटत होते तिथे मी बरोबर मधोमध कापल्यासारखा दिसत होतो. एकाच कापडात तो जोड नाहीसा झाला. "कोट कुठे?" हा प्रश्न पाठीच्या कापडाने सुटणारच होता. म्हणून दोन्ही एकाच कापडाचं, निळसर राखाडी रंगाचं, जवळून पाहिलं तर बारीक वीण दिसेल असं लोकरमिश्रित. पूर्ण पॉलिस्टरला मी नको म्हटलं, कारण संध्याकाळी सातला लॉनवर दिव्यांच्या उजेडात चकाकत उभं राहायचं नव्हतं. अठ्ठावन्न इंच पन्ह्यात पँटला सव्वा मीटर आणि कापडाच्या पाठीच्या वेस्टकोटला एक मीटर, असं सव्वादोन मीटर कापड घेतलं. अस्तराची पाठ असती तर वेस्टकोट त्याहून कमी कापडात झाला असता. आतलं अस्तर व्हिस्कोसचं निवडलं. ते घाम थोडा तरी शोषतं, पॉलिस्टरचं अंगाला चिकटतं.

पहिली ट्रायल आठ दिवसांनी होती. कच्च्या टाक्यांवर वेस्टकोट अंगात घातला आणि मी आरशासमोर ताठ उभा राहिलो. मास्तर म्हणाले, "असं उभं राहून काय कळणार? तिथे काय काय करणार ते करा." मी विचार केला. वाकून नमस्कार करणार. फोटोत दोन्ही हात भावंडांच्या खांद्यांवर टाकणार. खुर्चीत बसणार. हातात ताट धरून उभ्याने जेवणार. ते सगळं त्या दहा बाय दहाच्या दुकानात केलं, आणि प्रत्येक हालचालीत कापडाने काहीतरी सांगितलं.

मास्तरांच्या पायाशी वाकून उठलो तेव्हा मागे मानेपाशी वेस्टकोट शर्टाच्या कॉलरपासून बोटभर सुटून उभा राहिला आणि खाली बसेना. त्यांनी खांद्याच्या शिवणीत मानेच्या बाजूला पाव इंच चिमटीत धरून टाचणी लावली, तेव्हा तो कॉलरला टेकला. हात वर केले तेव्हा अख्खा वेस्टकोट वर आला. मला वाटलं घट्ट होतोय, मुंढा, म्हणजे हात जिथून बाहेर येतो तो भाग, खाली कापायला सांगावं. त्यांनी सांगितलं की उलट आहे. मुंढा जितका खोल, तितकी हाताबरोबर बाजू ओढली जाते. तो काखेच्या जवळ, पण टोचणार नाही इतका वर असला की हात आपला वेगळा हलतो. कापताना थोडा खोल गेलेला मुंढा भरता येत नाही, म्हणून दोन्ही खांदे अगदी थोडे वर उचलून त्यांनी तो सावरला. पूर्ण पक्की शिलाई करून एकदमच दिलं असतं तर हे दुरुस्त करणं अवघड होतं.

फट आधी पुढे पडत नाही, हे मला तिथेच दिसलं. पुढे वेस्टकोटची टोकं खाली उतरलेली असतात. सगळ्यात आखूड जागा बगलेच्या सरळ रेषेत, कमरेच्या बाजूला असते, आणि शर्ट पहिल्यांदा तिथेच डोकावतो. आरशात आपण समोरून बघतो म्हणून ते आपल्याला दिसत नाही, शेजारच्याला दिसतं. मास्तरांनी त्या बाजूलाच माप धरलं: साधं उभं असताना कंबरपट्टी दीड इंच झाकली गेली पाहिजे. अकरा इंची आसनाच्या पँटवर हात खांद्याच्या उंचीपर्यंत नेले तरी अर्धा इंच शिल्लक राहत होता.

वेस्टकोटच्या पाठीवरची ओढपट्टी मी उत्साहाने आवळली, कंबर बारीक दिसावी म्हणून. लगेच मधल्या बटणापासून चार दिशांना तिरप्या सुरकुत्या गेल्या, फुलीसारख्या. मास्तरांनी पट्टी परत सैल केली. "ही पट्टी कापड अंगालगत धरायला आहे, पोट दाबायला नाही," एवढंच ते म्हणाले. फुली दिसली की वेस्टकोट तंग आहे, मग पट्टी आवळल्यामुळे असो वा मूळ मापामुळे.

सर्वांत खालचं बटण लावायचं नाही, हे मला आधी ठाऊक होतं. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड ते उघडं ठेवायचा, त्यावरून ही रीत पडली असं सांगतात. पण मास्तरांच्या हातातला कागदी नमुना पाहिला तेव्हा कारण डोळ्यांनी दिसलं. खालची दोन टोकं बाहेरच्या बाजूला कापत नेलेली असतात आणि शेवटचं बटण त्या उताराच्या सुरुवातीला येतं. ते ओढून लावलं की टोकं आत खेचली जातात आणि बसताना पोटावर घडी पडते.

शर्टाकडे मी सगळ्यात कमी लक्ष देणार होतो, आणि तिथेच बायकोने मला थांबवलं हे बरं झालं. कोट असताना शर्टाची फक्त कॉलर, छातीची पट्टी आणि कफ दिसतात. वेस्टकोटमध्ये खांद्यापासून मनगटापर्यंत दोन्ही बाह्या पूर्ण उघड्या असतात. माझे ऑफिसचे शर्ट बाहीत सैल आहेत. मुंढ्यातून बाहेर येताना त्या फुग्यासारख्या दिसत होत्या. एक शर्ट बेताच्या बाहीचा, लांब शेपटाचा घेतला, वाकलं तरी पँटमधून निघू नये इतका. रंग पांढराच. फिकट निळा मला आवडतो, पण काखेतला घाम त्यावर गडद डाग होऊन दिसतो आणि इथे झाकायला कोट नाही. वेस्टकोट निळसर राखाडी असल्यामुळे पांढऱ्या शर्टाने वाढप्याचा गणवेश होण्याची भीती राहिली नव्हती. कापड ट्विलचं, थोडं जाडसर, म्हणजे आतल्या बाह्यांच्या बनियनची कड बाहेर उमटत नाही.

टाय घालावा की नाही हे शेवटपर्यंत ठरत नव्हतं. उघड्या गळ्याने फार ऐसपैस वाटत होतं, मुलीकडच्या माणसाने मुलाकडच्या आजोबांसमोर तसं जावं हे मनाला पटेना. गडद मरून रंगाचा, अरुंद टाय साध्या गाठीने बांधला. उंच कमरेच्या पँटमुळे नेहमीच्या लांबीने बांधलेला टाय फार खाली गेला आणि वेस्टकोटच्या खालच्या उघड्या त्रिकोणातून त्याचं टोक बाहेर आलं. दोनदा सोडून बांधला आणि टोक कंबरपट्टीच्या वर थांबवलं.

रिसेप्शनच्या दिवशी सहाला लॉनवर पोचलो. पहिली अडचण अशी आली जिचा विचार कुणीच केला नव्हता: कोट नाही म्हणजे आतले खिसे नाहीत. मोबाइल, पाकीट, किल्ली, आणि पाहुण्यांनी "मावशीकडे दे" म्हणून हातात ठेवलेली आहेराची पाकिटं. वेस्टकोटचे खिसे चार इंचही खोल नव्हते. मोबाइल घातला तर एक बाजू खाली ओढली जायची. पाकीट पँटच्या मागच्या खिशात ठेवलं तर वेस्टकोटची मागची कड त्यावर टेकून वर चढू लागली. शेवटी पाकीट आणि मोबाइल बायकोच्या पर्समध्ये गेले, किल्ली पँटच्या पुढच्या खिशात आणि वेस्टकोटच्या खिशात फक्त पार्किंगची पावती. आहेराची पाकिटं मी ताबडतोब स्टेजमागे बसलेल्या काकूंकडे नेऊन देत राहिलो. पुन्हा शिवला तर डावीकडे आतून, अस्तरात, एक उभा खिसा करून घेईन. नोटांच्या पाकिटांनी कापड ओढलं जात नाही.

सात ते साडेआठ सलग फेऱ्या चालल्या. साठेक लोकांना तरी वाकून नमस्कार केला असेल. शर्ट एकदाही बाहेर आला नाही. काखेत घाम आला होता, दिसत नव्हता. साडेनवानंतर लॉनवर गारवा उतरला, आणि पाठीला नुसत्या अस्तराऐवजी लोकरमिश्रित कापड असल्याचा तेव्हा खरा उपयोग झाला. जेवायच्या आधी पँटच्या दोन्ही ओढपट्ट्या अर्धा-अर्धा इंच सैल केल्या. वेस्टकोटच्या आत असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

शेवटी सगळ्या मावस-मामेभावंडांचा स्टेजवर फोटो झाला. नवरामुलगा मधे सुटात, त्याच्या शेजारी माझी बहीण, आणि मी कडेच्या दोन भावंडांमध्ये, हात दोघांच्या खांद्यांवर पसरलेले. पंधरा दिवसांनी अल्बमचे नमुने आले तेव्हा मी सगळ्यात आधी माझी डावी कूस बघितली. वेस्टकोट खालपर्यंत होता, पांढरं कुठे दिसत नव्हतं. मावशीने फोनवर आईला सांगितलं, "घरचा मुलगा घरचाच दिसत होता गं."

तो फोटो पाहून आतेभावाने फोन केला. त्याचा तो काळा वेस्टकोट अजून कपाटात होता. "दादा, त्याचं काही करता येईल का रे?" मी त्याला घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी वेस्टकोटच्या बगलेची शिवण उसवून दाब, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, पाहिला आणि सांगितलं की अस्तराची पाठ काढून कापडाची बसवता येईल, पण तोच काळा आता मिळायचा नाही, छटा जुळणार नाही. त्यापेक्षा पाठ उघडपणे वेगळी, गडद राखाडी करावी आणि त्याच राखाडीची उंच कमरेची पँट शिवावी. काळं मग फक्त पुढच्या भागात राहील. लांबी वाढणार नाही, पण पँट वर आली की वाढवायची गरजही उरणार नाही. आतेभाऊ पाच फूट दहा इंच आहे, दोन रंग त्याला चालतात. त्याने तिथेच माप दिलं. मास्तरांनी त्याच्या पँटचं आसन मोजलं, ते साडेआठ भरलं. वहीत त्यांनी साडेअकरा लिहिलं आणि ट्रायलला येताना नेमका त्या दिवशी घालायचा शर्ट आणि बूट घेऊन यायला सांगितलं.